चेंदणीतलं दुहेरी दार: ढिली कडी आणि फरशीखाली गेलेलं भोक

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात एक जुनं घर आहे. त्याचं पुढचं दार सागवानी, दोन झडपांचं, आत उघडणारं. चौकटीच्या आतलं माप साडेतीन फूट बाय साडेसहा फूट, म्हणजे एकेक झडप एकवीस इंचांची. गेल्या वर्षी श्रावण लागला त्याच आठवड्यात त्यांचं बोलावणं आलं. मी सुतारकामच करतो, आणि पावसाळ्यात अशा दारांचे फोन येतातच. पण या घरातली तक्रार जरा वेगळी होती. कडी लावलेली असली तरी दार रात्रभर खडखडायचं आणि वाऱ्याचा झोत जोरात आला की कडी निसटून दार सताड उघडायचं. आजी रोज रात्री दाराला आतून वरवंटा टेकवून झोपत होत्या.

मी पोचलो तेव्हा त्यांच्या मुलाने, दादांनी, स्टेनलेस स्टीलची नवी जाड कडी आणूनच ठेवली होती. दुकानात लॅच म्हणून मिळते ती, चपट्या सरकत्या पट्टीची. "मिस्त्री, जुनी काढा आणि ही ठोका, अर्ध्या तासाचं काम आहे," दादा म्हणाले. मी कडी हातात घेतली, चांगली होती, आणि बाजूला ठेवली. आधी दार हलवून बघायचं होतं.

दोन झडपांच्या दारात एक झडप आधी लागते आणि जागेवर बसून राहते. तिला मी बसती झडप म्हणतो. दुसरी रोजच्या ये-जा करायची, ती चालती. दोघींच्या मधल्या कडांना पायरीसारखी खाच असते, त्यामुळे चालती झडप बसतीवर येऊन टेकते आणि मध्ये आरपार फट राहत नाही. बसतीला वर आणि खाली टॉवर बोल्ट असतात, वरचा चौकटीत जातो, खालचा जमिनीत. आडवी कडी असते चालतीवर, आणि ती अडकते बसतीवरच्या कोयंड्यात. आता बाहेरून वारा दाबतो तेव्हा काय होतं बघा. चालती झडप आत यायला बघते, तिला कडी धरते. कडी तो सगळा जोर बसतीवर टाकते. बसतीला एका बाजूने बिजागऱ्या धरून असतात, पण मधल्या बाजूला तिच्याकडे ते दोन बोल्टच असतात. त्यातला एक जरी नसला तरी कडी कितीही जाड असो, ती हलत्या फळीलाच अडकवलेली असते.

म्हणून मी दार लावून, कडी घालून, बसत्या झडपेच्या मधल्या कडेला तीन ठिकाणी बाहेरून तळहाताने दाबून बघितलं. वरच्या कोपऱ्यात जवळजवळ काहीच हललं नाही. कडीच्या उंचीवर दीड सूत आत गेलं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्याकडे अजून मापं त्यातच चालतात.) खाली उंबऱ्याजवळ दाबलं तर झडप सरळ तीन सूत आत आली आणि सोडल्यावर खाडकन परत गेली. रात्री वाजत होतं ते हेच. खालचा बोल्ट झडपेवर होता, पण त्याचा दांडा खाली सोडला की फरशीवर टक् करून थांबायचा.

विचारल्यावर आजींनी सांगितलं की पाच वर्षांपूर्वी घरात नव्या फरश्या बसवल्या, उंबऱ्याला ग्रॅनाइट लावलं. जुन्या शहाबादी फरशीत खालच्या बोल्टचं भोक होतं, ते नव्या फरशीखाली गेलं. फरशीवाल्याने नवं भोक पाडलं नाही, घरच्यांच्याही ते लक्षात आलं नाही. तेव्हापासून बसती झडप एका वरच्या बोल्टवरच उभी होती. त्यानंतर दर पावसाळ्यात कोणी ना कोणी येऊन कडीचा कोयंडा थोडा इकडे, थोडा तिकडे करून गेला. त्याच्या स्क्रूंची भोकं बसत्या झडपेवर एकाशेजारी एक दिसत होती. वर चौकटीच्या गणेशपट्टीवरही बोल्टच्या कोयंड्याच्या तीन जागा झाल्या होत्या.

दुसरी गोष्ट चालत्या झडपेची. तिची मधली कड हाताने उचलून बघितली तर झडप दोन सूत वर आली. म्हणजे वरच्या बिजागरीत खेळ होता. तिथले चारपैकी तीन स्क्रू पेचकस लावला की जागच्या जागी गरगर फिरत होते. झडप अशी लोंबली की ती खालच्या बिजागरीभोवती कलते, तिचा वरचा कोपरा मध्ये सरकतो आणि दुसऱ्या झडपेवर घासतो. आदल्या वर्षी कोणीतरी तिथे "लाकूड फुगलंय" म्हणून रंधा मारला होता. ती रंधलेली जागा उन्हाळ्यात दोन सूतांची फट म्हणून उघडी पडत होती, त्यातून गल्लीतला दिवा दिसायचा असं दादा म्हणाले. मला याचं फार वाईट वाटतं. इतकं जुनं, सरळ रेषेचं सागवान आता सहज मिळत नाही, आणि बिजागरीचे चार स्क्रू न बघता त्याचा भुसा करायचा.

दादांना मी कामाचा क्रम सांगितला: आधी बिजागरी, मग बसत्या झडपेचे दोन्ही बोल्ट, आणि त्यांनी आणलेली कडी सगळ्यात शेवटी. अर्ध्या तासाऐवजी दिवस लागणार होता. आजींनी चहा टाकला.

बिजागरीच्या सैल भोकांत आगपेटीच्या काड्या कोंबायची सवय अनेकांना आहे. महिनाभर चालतं, मग मऊ काडी दबते आणि स्क्रू पुन्हा फिरतो. मी भोकं मोठी करून सागवानी खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, वाळू दिल्या, पटाशीने सपाट केल्या. पण खुंटीतही स्क्रू तिच्या रेषेच्या दिशेने जातो आणि त्या दिशेला लाकडाची पकड कमीच असते. म्हणून वरच्या बिजागरीचे सव्वा इंची स्क्रू टाकून दोन इंची घेतले, म्हणजे टोक खुंटीच्या पलीकडे चौकटीच्या ताज्या लाकडात पोचतं. झडपेखाली पाचर देऊन ती आधी तिच्या खऱ्या उंचीवर आणली, मगच स्क्रू आवळले. कडेला खडू फिरवून दार लावून बघितलं. वरच्या कोपऱ्यातलं घासणं गेलं होतं. खडू उठला तो फक्त मध्ये वीतभर जागेत, तिथे रंध्याचे दोन हलके हात पुरले.

आता खालचा बोल्ट. खरं कौशल्य लागलं ते इथेच.

विकत घेताना लोक बोल्टची लांबी बघतात, दांडा किती बाहेर येतो ते बघत नाहीत. या घरात झडपेचा तळ आणि फरशी यांच्यात तीन सूत अंतर होतं, आणि जमिनीत निदान पाऊण इंच, म्हणजे सहा सूत, दांडा जायला हवा. एकूण नऊ सूत. तिथला जुना चार इंची बोल्ट पूर्ण सोडला तरी सात सूतच बाहेर येत होता. भोक असतं तरी तो अर्धा इंचच आत गेला असता, आणि भोकात चिमूटभर माती बसली की तेवढाही नाही. मी आठ इंची बोल्ट आणायला सांगितला, दहा मिलिमीटर दांड्याचा, स्टेनलेस स्टीलचा. खाडी जवळ आहे, साध्या लोखंडाचा बोल्ट तिथे दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतो, आणि लोखंडी स्क्रूभोवती सागवान काळं पडतं.

वरच्यासाठी अठरा इंची घेतला. कारण आजींची उंची. तिथे सहा इंची बोल्ट होता, त्याची बोंडी जमिनीपासून सहा फुटांच्याही वर. बसती झडप उघडायची तर आजींना स्टूल लागायचं, म्हणून एकदा काढलेला बोल्ट दिवस दिवस तसाच राहायचा. अठरा इंचीची बोंडी साडेपाच फुटांच्या आसपास येते, हात वर केला की मिळते.

खाली एक अडचण होती. ग्रॅनाइटचा उंबरा बरोबर झडपेच्या आतल्या अंगापर्यंत आणि तिथून खोलीची फरशी सुरू. बोल्ट झडपेवर सपाट बसवला तर दांड्याचा मध्य झडपेपासून सुमारे आठ मिलिमीटरवर येतो. म्हणजे भोक फरशीच्या कडेला इतकं चिकटून पडलं असतं की कडेचा तुकडा नक्की उडाला असता. म्हणून बोल्टच्या पाठीमागे तीन सूत जाडीची सागवानी पट्टी दिली, झडपेला गोंद आणि स्क्रू लावून. त्याने दांडा फरशीच्या कडेपासून सतरा-अठरा मिलिमीटर आत गेला. भोकाच्या जागी फरशी बोटाच्या पेराने ठोकून ऐकली. बद्द आवाज आला, म्हणजे खाली माल भरलेला होता. पोकळ वाजली असती तर तिथे भोक पाडलंच नसतं, बोल्ट दोन इंच बाजूला घेतला असता.

खूण करण्याआधी झडप तिच्या शेवटच्या जागी पाहिजे. बसती झडप चौकटीच्या खाचेत पूर्ण दाबली आणि खोलीच्या बाजूने तिच्या पायाशी पाचर ठोकून तशीच धरून ठेवली. बोल्ट गुण्याने उभा केला, दोनच स्क्रू लावले. दांड्याच्या टोकाला आजींच्या डबीतलं काजळ लावलं, दांडा सोडला, वरून हलकी टिचकी मारली. फरशीवर काळा ठिपका उमटला.

आता भोक त्या ठिपक्यावरच पाडायचं असं वाटतं, पण तसं केलं तर दार पुन्हा वाजतं. दांडा दहा मिलिमीटरचा, भोक बारा मिलिमीटरचं, म्हणजे चारही बाजूंनी एकेक मिलिमीटर मोकळं. वारा झडप आत ढकलतो, तेव्हा दांडा भोकाच्या खोलीकडच्या भिंतीला जाऊन टेकेपर्यंत तेवढी हलतेच. खाली एक मिलिमीटर म्हणजे अंगाला जाणवणारी खडखड. म्हणून भोकाचा मध्य ठिपक्यापासून एक मिलिमीटर दाराकडे घेतला. मग दांडा आत गेल्यावर खोलीकडच्या भिंतीला आधीच टेकलेला असतो आणि झडपेला हलायला वाव राहत नाही. दांडा सहज उतरावा म्हणून त्याच्या टोकाची धार कानशीने उतरवून किंचित निमुळती केली.

पण ही घट्टाई त्या एकाच दिशेने हवी. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. पावसाळ्यात झडप रुंद होते, आणि तिची एक बाजू बिजागरीला जखडलेली असल्यामुळे सगळी वाढ मधल्या कडेला दिसते. बोल्ट त्याच कडेजवळ असतो, म्हणजे त्याचा दांडा वर्षभरात दाराच्या रेषेत इकडेतिकडे सरकत राहतो. हे दार चौकटी आणि दिलह्यांचं आहे, दिलहे म्हणजे मधल्या पातळ फळ्या, त्या खाचेत मोकळ्या बसतात, त्यामुळे वाढ फक्त दोन उभ्या पट्ट्यांची, एक-दोन मिलिमीटर. सलग फळ्यांची झडप असती तर याच्या दुपटीच्याही पुढे गेली असती. गोल भोक नेमकं बसवलं तर ज्या ऋतूत पाडलं त्याच ऋतूत चालतं. मग मे महिन्यात बोल्ट अडतो, कोणीतरी हातोडीने ठोकतो आणि फरशीला तडा जातो.

त्यासाठी भोक दाराच्या रेषेत लांबट करायचं. किती आणि कुठल्या बाजूला, ते महिन्यावर ठरतं. आम्ही श्रावणात काम करत होतो, लाकूड पूर्ण फुगलेलं, म्हणजे दांडा मध्याकडे जास्तीत जास्त सरकलेला. इथून पुढे तो बिजागरीकडेच जाणार. म्हणून लांबवलं ते फक्त बिजागरीच्या बाजूला, एक सूत. हेच काम मे महिन्यात असतं तर उलट बाजूला लांबवलं असतं.

भोक बारा मिलिमीटरच्या डायमंड बिटने पाडलं, ड्रिलचा ठोका बंद ठेवून, हळू, थेंब थेंब पाणी सोडत. ठोका चालू ठेवून विट्रिफाइड फरशीला हात लावला की ती चिरते. फरशी पार झाल्यावर खालच्या मालात साधा बिट चालतो. खोली सव्वा इंच ठेवली, दांडा पाऊण इंचच जातो. उरलेली जागा मातीसाठी. ही मोकळीक नसेल तर झाडताना आत गेलेला केर दाबून दाबून टणक होतो आणि दांडा हळूहळू वर राहायला लागतो. लांबटपणा डायमंडच्या गोल कानशीने दिला, वीसेक मिनिटं लागली.

पाचर काढली, बोल्ट सोडला, बाहेर जाऊन झडपेच्या पायाशी दाबलं. हलली नाही. दादांनी स्वतः येऊन दाबून बघितलं, मग गुडघा लावून बघितलं.

वरच्या बोल्टचं काम त्या मानाने सरळ होतं. गणेशपट्टीवरची जुनी भोकं आधी खुंट्या मारून बुजवली, कारण नवा स्क्रू जुन्या भोकाच्या अर्ध्या सुतावर पडला तर तो घसरून त्यातच जातो आणि कोयंडा आपण ठरवलं तिथे राहत नाही. चौकट झडपेपेक्षा एक सूत मागे होती, तेवढी चकती कोयंड्याखाली दिली. खालच्यासारखंच इथेही: आत-बाहेर घट्ट, दाराच्या रेषेत सूतभर मोकळं. कोयंड्याची कड त्यासाठी कानशीने थोडी खाल्ली. स्क्रूंना आठ नंबरच्या मापाला अडीच मिलिमीटरचं भोक आधी पाडून, आट्यांवर साबण घासून आवळले. जुन्या सागवानात भोक न पाडता स्क्रू घुसवला की तो तुटतो, आणि तुटलेलं टोक काढताना जागा वाया जाते.

आणि मग ती कडी. दुपारचे चार वाजले होते.

दोन्ही झडपा लावून त्यांच्या आतल्या अंगावर पोलादी पट्टी आडवी धरली. चालती झडप बसतीपेक्षा अर्धा सूत पुढे होती. अशा वेळी कडी आणि कोयंडा दोन्ही सपाट ठोकले तर पट्टी कोयंड्यात सैल जाते आणि पुन्हा तोच खेळ. कोयंडा ज्या जागी बसणार तिथे बसत्या झडपेत पटाशीने जेमतेम अर्धा सूत खोल घर केलं आणि कोयंडा त्यात बसवला. मग पट्टी आत सरकताना चालत्या झडपेला मागे ओढते आणि खाच खाचेवर दाबून बसते. याहून जास्त खोल घेतलं असतं तर कडी लावायला दोन हात लागले असते, आणि आजींना ते रोज रात्री करायचं होतं. पहिल्यांदा जरा कडकच झाली होती. पट्टीच्या टोकाची आतली धार कानशीने उतरवली, मेण घासलं, तेव्हा अंगठ्याने सरकायला लागली. कोयंड्यात पट्टीच्या वर आणि खाली मात्र मुद्दाम मोकळं ठेवलं, कारण झडप वर्षागणिक थोडी खाली बसणारच. कोयंड्याला त्या दिवशी दोनच स्क्रू लावले.

त्या रात्री पाऊस झाला. सकाळी जाऊन बघितलं, कडी आदल्या दिवसासारखीच चालत होती, तेव्हा उरलेले स्क्रू लावले. बसत्या झडपेवरची कोयंड्याची जुनी भोकं खुंट्या मारून, सागवानी भुसा आणि गोंद भरून घासून घेतली. तरी जवळून बघितलं तर दिसतात.

मे महिन्यात त्याच आळीत दुसऱ्या कामाला गेलो होतो तेव्हा मुद्दाम आत डोकावलो. दोन झडपांच्या मध्ये सूतभर फट होती, उन्हाळ्यात एवढी हवीच. वरच्या कोपऱ्यात आदल्या वर्षी रंधलेल्या जागी मात्र अजून उजेड दिसतो. तिथे आता पट्टी जोडावी लागेल, ते काम पावसाळ्यानंतर करायचं ठरलंय. खालचा बोल्ट उचलून बघितला. दांडा भोकाच्या बिजागरीकडच्या टोकाकडे सरकला होता, तरी पुढे थोडी जागा उरली होती. भोकाच्या तळाशी माती साठली होती, ती जुन्या टूथब्रशने काढून टाकली आणि तो ब्रश आजींकडेच ठेवायला दिला. वरवंटा स्वयंपाकघरात पाट्याशेजारी होता.